याच पत्त्यावर पाठवायचं?

आप्पांनी आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांच्या स्कूटरी चालवायला घेतल्या. म्हणजे बसून, सोफ्यावर, फोनच्या पडद्यावर.

त्याचं असं झालं. लेक नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात राहायची. माईंचा गुडघा दुखायला लागल्यापासून आईवडिलांचा किराणा तीच तिकडून ॲपवर मागवायची. ॲपमध्ये तिने दोन पत्ते ठेवले होते, एक ‘माझं घर’ आणि दुसरा ‘आई-आप्पा’. गेल्या खेपेला आली तेव्हा आप्पांच्या फोनवरही तिने तेच ॲप आपल्याच नंबराने उघडून दिलं. खातं तिचं, कार्ड तिचं, पण सामान कुठवर आलंय ते आप्पांनाही दिसावं, एवढाच हेतू. आप्पांना मात्र खजिनाच सापडला. ऑर्डर निघाली की नकाशावर इवलीशी स्कूटर सरकायला लागायची आणि आप्पा फोनला नाक लावून बसायचे.

“अरे बाबा, डावीकडे कशाला घेतलीस? तिथे शाळा सुटलीय ना आत्ता!”

“त्याला ऐकू जात नाही हो,” माई आतून म्हणायच्या.

“ऐकू गेलं असतं तर एव्हाना पोहोचला असता.”

माईंना या प्रकारात काडीचा रस नव्हता. टोमॅटो हातात घेऊन दाबल्याशिवाय विकत घेणं म्हणजे फोटो बघून जावई करण्यासारखं, असं त्यांचं मत. जावई तसाच केला होता, तो चांगला निघाला, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी सकाळी तांदूळ, तेल, साबण असं सगळं येऊन गेलं होतं. माई डबे भरत होत्या, आप्पा जरा लवंडायच्या बेतात होते, आणि फोन टिणटिणला. ‘तुमची ऑर्डर पॅक होत आहे.’

आता ही कुठली ऑर्डर? आप्पांनी उघडून पाहिलं. पत्ता ‘आई-आप्पा’. सामान दोनच गोष्टी: चॉकलेटचा मोठा बार आणि कसलंसं ‘टेस्ट किट’. परवाच डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितलं होतं आणि आप्पांनी ती गोष्ट घरी बेमालूमपणे गिळून टाकली होती. लेकीकडे कुणी चुगली केली? आणि साखर तपासायचं यंत्र पाठवायचं तर सोबत चॉकलेट कशाला, बापाची परीक्षा घ्यायला?

त्यांनी चष्मा लावला आणि वस्तूचं पूर्ण नाव अक्षर अक्षर जोडत वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

ते साखरेचं नव्हतं. साखरेशी त्याचा काही संबंध नव्हता.

आप्पा उठून बाल्कनीत गेले, दार ओढून घेतलं आणि लेकीला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

“आप्पा, तुम्ही पाहिलंत?”

“मी काही पाहिलं नाही,” आप्पा म्हणाले. “म्हणजे पाहिलं. पण तू म्हणशील तर नाही पाहिलं.”

पलीकडे लेक हसली की रडली ते कळेना. “सकाळी तुमचा किराणा मागवला ना, ॲपमध्ये तोच पत्ता राहिला. त्याने विचारलं होतं हो, ‘तुम्ही या पत्त्यापासून दूर आहात, याच पत्त्यावर पाठवायचं?’ पण तुमच्यासाठी मागवताना तो दर वेळी तेच विचारतो. सवयीने ‘हो’ दाबलं. पैसे वॉलेटमधून गेले, ओटीपीसुद्धा आला नाही. आला असता तर निदान हात थांबला असता.”

“मग रद्द कर.”

“होत नाही. पॅक झाली. पत्ताही बदलता येत नाही, माल तुमच्या तिथल्या दुकानातून निघतोय.” ती जरा थांबली. “आप्पा, आईच्या हातात पडू देऊ नका. प्लीज. मागच्या वेळचं आठवतंय ना?”

आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी लेकीने आईला दिवस गेल्याची नुसती शंका बोलून दाखवली होती. माईंनी ती आपल्या धाकट्या बहिणीच्या कानावर घातली, आणि धाकट्या बहिणीच्या कानावर घालणं म्हणजे लाउडस्पीकरवर घालणं. चार दिवसांत शंका फोल निघाली. मग महिनाभर एकेक नातेवाईक लेकीला फोन करून धीर देत होता. तिला धीर नको होता, शांतता हवी होती. माईंनी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. त्यामुळे भांडायचीही सोय उरली नव्हती.

“माझ्यावर सोड,” आप्पा म्हणाले. “माझ्या हातून आजवर एकही प्रवासी चुकीच्या थांब्यावर उतरलेला नाही.”

ते चपला सरकवत बाहेर पडले. “कुठे निघालात?” माईंनी विचारलं.

“पाय मोकळे करायला.”

“या उन्हात?”

“ऊन चांगलं असतं. हाडांना.”

खाली फाटकाशी आप्पा फोन हातात धरून उभे राहिले. स्कूटर निघाली. पेट्रोल पंप ओलांडला. सिग्नलला आली. तिथेच थांबली. आप्पांनी मनातल्या मनात क्लच दाबून ठेवला. सिग्नल सुटायला हवा होता, पण स्कूटर हलेना. पोराला काही झालं तर नाही ना? की चहा प्यायला थांबला? ॲपमधलं फोनचं चित्र दाबून त्यांनी त्याला फोन लावला.

“हं, काका, बोला.”

“अरे, तू सिग्नलला काय करतोयस?”

“सिग्नलला? मी तुमच्या दारात उभा आहे, काका. तिसरा मजला ना? मॅप अडकलाय वाटतं, इथे नेटवर्क जाऊन येऊन असतं.”

“दारात? मी इथे फाटकाशी आहे, तू आलास कुठून?”

“पत्त्याखाली लिहिलंय तसंच आलो. ‘मागच्या फाटकाने यावे. बेल जोरात व बराच वेळ वाजवावी.’”

हे आप्पांनी स्वतःच लेकीकडून लिहून घेतलेलं. पुढच्या फाटकाजवळ गाड्या लावून ठेवतात म्हणून मागचं फाटक, आणि माईंच्या कुकरच्या शिट्टीत बेल ऐकू येत नाही म्हणून बाकीचं.

“बेल वाजवू नकोस!” आप्पा ओरडले.

फोनमधून बेल ऐकू आली. जोरात, आणि बराच वेळ. मग दार उघडल्याचा आवाज, मग माईंचा: “किती वाजवतोस रे, आग लागलीय का?”

आप्पा जिना कसे चढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पोरगा खाली उतरताना भेटला, “काका, दिलं हं मावशींकडे,” म्हणून हसला. त्याची काही चूक नव्हती. लिहिल्याप्रमाणे वागणारा माणूस आप्पांना एरवी फार आवडायचा.

माई स्वयंपाकघरात कढीपत्ता निवडत होत्या. खाकी कागदी पिशवी ओट्यावर, तोंड दुमडलेलं.

“काहीतरी आलंय तुमचं,” माई मान वर न करता म्हणाल्या. “औषध असेल.”

“हो, औषधच,” आप्पा म्हणाले. धाप लागली होती. “गुडघ्याचं.”

“तुमचे कधीपासून दुखायला लागले?”

“आत्ताच. जिन्यात.”

आप्पांनी पिशवी उचलली आणि कपाटात स्वेटरांच्या मागे सरकवली. लेकीला एकच शब्द पाठवला: ‘वाचलो.’ तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

थोड्या वेळाने फोन पुन्हा टिणटिणला. नवी ऑर्डर, तेच दोन जिन्नस, पण पत्ता ‘माझं घर’. आणि नकाशावर एक परकं शहर उघडलं: नदी, तिच्यावर पूल, पुलापलीकडे लेकीची गल्ली. बघू नये, हे आप्पांना कळत होतं. लेकीच्या चिठ्ठीत डोकावण्यासारखंच ते. त्यांनी फोन उलटा ठेवला. मग पेपर वाचला, म्हणजे उघडला. मग फोन सुलटा केला.

स्कूटर पुलावर होती. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा एकही सूचना केली नाही. पोरगा कसा का येईना, नीट येऊ दे, एवढंच.

सोफा शेजारून दबला. माई येऊन बसल्या होत्या.

“पोहोचला का?”

“कोण?”

“तोच. तुमच्या गुडघ्याचं औषध घेऊन चाललाय तो.”

माईंनी पदराच्या टोकाने फोनची काच पुसली, वास्तविक ती स्वच्छच होती.

“दुमडलेली पिशवी उघडून पुन्हा दुमडता येते, एवढं मला कळतं,” त्या म्हणाल्या. “वाटलं, सांगाल. नाही सांगितलंत, बरं केलंत. तिनेच घातली असेल शपथ.”

“शपथ नाही. प्लीज म्हणाली.”

“म्हणजे शपथच.” माई जराशा पुढे सरकल्या. “कुठंय तो? हा ठिपका? मग इथे का थांबलाय?”

“वळण आहे तिथे. गर्दी असणार.”

“तुम्ही सांगा ना त्याला, डावीकडून घे म्हणावं.”

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. माईंची नजर पडद्यावर खिळली होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते, सुईत दोरा ओवताना मिटतात तसे. स्कूटर वळली, गल्लीत शिरली, थांबली. ‘ऑर्डर पोहोचली.’ नकाशा गेला आणि डिलिव्हरी कशी वाटली ते विचारणारे पाच तारे आले. माईंनी पाचही दाबले.

पुढे बघायला काही नव्हतं. यापुढचं कुठलंच ॲप दाखवत नाही. माईंनी चहा ठेवला, तो उतू गेला. आप्पांनी पंखा लावला, बंद केला, लावला. मागच्या वेळेसारखंच झालं तर लेकीला काय म्हणायचं, हे दोघंही आपापल्या मनात जुळवत होते आणि एकमेकांना दाखवत नव्हते.

फोन वाजला. आप्पांनी उचलला.

“आप्पा,” लेक म्हणाली. आवाज भरलेला होता, पण कशाने ते कळायला मार्ग नव्हता. “आई आहे का तिथे?”

“आहे.”

“तिला कळलंय ना?”

“...हो. मी नाही सांगितलं हं.”

“माहितीय. बेलबद्दल आत्ता आठवलं मला.” आणि ती हसली, आणि या वेळी ते हसूच होतं. “आईला द्या. मला तिलाच सांगायचंय.”

आप्पांनी फोन पुढे केला. माईंनी हात आधी कोरडे केले, मग फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. बराच वेळ त्या नुसतं ऐकत होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तोंडातून हूं की चूं नाही. शेवटी म्हणाल्या, “जेवलीस का? आधी जेव. चॉकलेट नंतर.” जरा थांबून, “नाही गं, कुणाला नाही. तू म्हणेपर्यंत नाही.”

आता बोलून तर बसल्या. पण संध्याकाळी नेहमीच्या वेळेला धाकट्या बहिणीचा फोन आला आणि माईंच्या चेहऱ्यावर जी घालमेल झाली ती बघण्यासारखी होती. त्यांनी फोन आप्पांच्या हातात कोंबला आणि आपल्या गळ्याकडे बोट दाखवून जोरजोरात हात हलवले.

“हॅलो,” आप्पा म्हणाले. “नाही, तिला बोलता येत नाहीये. घसा बसलाय. हो, अगदी पार बसलाय. डॉक्टर म्हणाले, तीन महिने तरी लागतील.”