गुरुवारचा रकाना

बाईंना शिकवणीवर्गात सगळे 'पट्टीवाल्या बाई' म्हणत. हजेरी कॉम्प्युटरवर आली तरी त्यांनी कागदी वही सोडली नव्हती. दर शनिवारी त्या वहीवर उभी पट्टी ठेवून एकेका वाराचा रकाना वाचायच्या. पण गेले तीन शनिवार पेपर तपासण्यात गेले आणि पट्टी कंपासपेटीतच राहिली.

चौथ्या शनिवारी पट्टी गुरुवारवर आली आणि बाई थबकल्या. मुंगीच्या ओळीत चारही गुरुवारी 'अ', म्हणजे अनुपस्थित. अक्षर मुंगीसारखं बारीक म्हणून त्या पोरीचं हे नाव पडलेलं. आता या शुक्रवारीही 'अ' होता. पाचही खुणा बाईंच्याच हातच्या होत्या.

त्या तडक संचालकांकडे गेल्या.

"बाई, चोवीसपैकी एकोणीस दिवस हजर आहे. एकोणऐंशी टक्के. हिरवी आहे ती," संचालक कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. "पंचाहत्तरच्या खाली गेली की लाल होते. सलग तीन दिवस आली नाही, तर घरी मेसेज जातो."

"आणि फक्त गुरुवारीच आली नाही तर?"

"तर काही नाही."

"वा! म्हणजे बुडवायचं कसं, हे तुमचं यंत्रच शिकवतंय की!"

"तुम्ही ना, राईचा पर्वत करता."

बाईंनी वही मिटली आणि धुमसतच बाहेर पडल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांनी पहिल्या तासाला हजेरी घेतली. बत्तीसपैकी अठ्ठावीस हजर, मुंगी नव्हती. एरवी आपला तास संपला की त्या घरी जात. आज आधी मुंगीच्या आईला फोन लावला.

"ती तर कधीच निघाली, बाई. पोचली नाही का?" आईचा आवाज चिरकला.

"घाबरू नका. मी बघते आणि लगेच कळवते."

जाताजाता त्यांनी दुसऱ्या तासाच्या वर्गात डोकावून डोकी मोजली. तेवीस! पाच जण मधल्या सुट्टीत पसार झाले होते. हजेरी दिवसातून एकदाच व्हायची, त्यामुळे पडद्यावर ते पाचही हजर होते.

आत गणिताचे सर बुधवारच्या चाचणीचे गुण मोठ्याने वाचत होते. ज्याचे गुण जास्त तो पुढच्या बाकावर. शेवटचे चार जण भिंतीला पाठ लावून, पेपर छातीशी धरून उभे. बाई तडक बाहेर पडल्या.

मुंगी समोरच्या बसथांब्यावर सापडली, मांडीवर दप्तर घेऊन. बाई शेजारी टेकल्या. आधी आईला फोन करून पोर सापडल्याचं सांगितलं, मग पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

"रागावणार नाही का?" मुंगीने विचारलं.

"तुझ्यावर नाही."

"गुरुवारी उभं राहायला लागतं. नाही आलं तर शुक्रवारी सगळे विचारतात, काल कुठे होतीस. म्हणून आता शुक्रवारही नको वाटतो." ती दप्तराचा बंद पिळत होती. "एक तारखेपासून येणारच नाही मी. आईला सांगणार, गणित जमत नाही मला."

"काय जमत नाही, ते विचारलंस कधी?"

"उभं राहून कसं विचारणार?"

बाईंनी तिला घरी पोचवलं आणि त्याच पावली परत येऊन संचालक आणि गणिताचे सर, दोघांना समोर बसवलं.

"स्पर्धा नको का मुलांना?" गणिताचे सर म्हणाले. "मलाही आमचे सर उभं करायचे."

"मग तुम्ही गणित त्यामुळे शिकलात, की त्यांच्या नाकावर टिच्चून?"



"पण बाई, निकाल चांगला येतो ना आपला," संचालक मध्ये पडले.

"येणारच! कच्ची पोरं परीक्षेआधीच पळवून लावायची आणि उरलेल्यांच्या गुणांची पाटी बाहेर टांगायची. लाज नाही वाटत? यंत्राचं सोडा, ते मुकं आहे. मी चार आठवडे या हाताने 'अ' लिहीत गेले, त्याची लाज मला वाटते." त्यांनी वही टेबलावर ठेवली. "हजेरी दोन्ही तासांना होईल. पेपर घडी घालून हातात मिळतील. कोणी उभं राहणार नाही. नाहीतर रविवारच्या पालकसभेत तुमची टक्केवारी नाही, हा रकाना वाचून दाखवीन."

संचालकांनी गणिताच्या सरांकडे पाहिलं. सर वहीतला रकाना बोटाने वाचत मुंगीच्या ओळीपाशी थांबले.

"ही मुलगी हुशार आहे हो," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, आळशी झाली."

"मला विचारायचंत. तिला विचारायचंत."

त्या संध्याकाळी बाई पुन्हा मुंगीच्या घरी गेल्या आणि आता कोणी उभं राहणार नाही, हे तिला आईसमोर सांगून आल्या.

पुढच्या गुरुवारी दुसऱ्या तासाला बाई वही घेऊन दारात उभ्या राहिल्या. तीस डोकी. मुंगी तिसऱ्या बाकावर बसली होती, बसूनच हात वर केलेला, आणि सर तिच्या वहीवर वाकले होते.

बाईंनी मान डोलावली नाही की हसल्या नाहीत. दोन जण अजून येत नव्हते. त्यांचे नंबर शोधत त्या फोनपाशी गेल्या.