आठशे अठ्ठेचाळीस युरोंची आठवण

हेर्वासिओसमोर पैशांचा विषय काढायचाच असं ठरवून एनार त्या सकाळी चारोच्या बारमध्ये शिरली होती, आणि बाहेर पडली ती पुन्हा त्याच्याच पैशांची कॉफी पिऊन.

"चारो, हिच्याकडून एक पैसा घेतलास तर बघ!" आत येतानाच हेर्वासिओ ओरडला. पन्नाशी उलटलेला, हातांच्या भेगांमध्ये ग्रीस कायमचं मुरलेलं, आवाज अख्ख्या गल्लीला पुरून उरणारा. "माझ्या दुकानाला हिनं तोंडवळा दिलाय. पाटी बघितलीस ना? लोक थांबून फोटो काढतात."

"बघितली रे बाबा, रोज बघते," चारो म्हणाली.

एनारनं पाकीट काढलं, त्यानं तिचा हात धरून ते परत पर्समध्ये ढकललं, थोडी झटापट झाली, आजूबाजूचे हसले. स्पेनमधल्या या छोट्या सोरिया शहरात कॉफीचे पैसे कुणी द्यायचे यावरून रोज असंच होतं. पण पाकीट परत पर्समध्ये गेलं की मग "हेर्वासिओ, त्या बिलाचं काय झालं?" असं कुठल्या तोंडानं विचारायचं? तिनं कॉफी संपवली, हवा किती बोचरी आहे यावर दोन वाक्यं बोलली आणि निघाली.

बिल नोव्हेंबरातलं होतं. सायकलदुरुस्तीच्या दुकानाची पाटी, चिन्ह, दुरुस्तीच्या पावत्यांची रचना आणि छोटंसं संकेतस्थळ. एकूण आठशे अठ्ठेचाळीस युरो, मुदत एक महिन्याची. आता जानेवारी अर्धा सरला होता. एनार एकटीच काम करायची. तिला ना साहेब होता, ना वसुलीला माणूस. आणि त्या बिलातले एकशे अडुसष्ट युरो तर तिचे नव्हतेच. तो सरकारचा कर होता. गिऱ्हाइकानं पैसे दिलेले असोत वा नसोत, जानेवारी संपायच्या आत तो तिला भरावाच लागणार होता.

तिमाहीचे कागद घेऊन ती पिएदादकडे गेली. पिएदाद शहरातल्या निम्म्या छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब बघायची. साठीला आलेली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि बोलायला अगदी सडेतोड.

"हे एकतीस नंबरचं बिल बँकेत दिसत नाही," पिएदाद म्हणाली.

"आलं नाहीये अजून. लिहिणारे मी त्याला."

"लिहिणार आहेस की लिहिलंयस?"

एनारनं मोबाईल पुढे केला. तिनं एक नाही, दोन पत्रं लिहून ठेवली होती आणि एकही पाठवलं नव्हतं. पहिलं रागात लिहिलेलं होतं. त्यात हेर्वासिओला 'तुम्ही' म्हटलेलं, उशिरा देणाऱ्याला व्याज लावणाऱ्या कायद्याचा आकडा, वरचे चाळीस युरो वसुलीखर्चाचे, आणि शेवटी कोरडा नमस्कार.

पिएदादनं ते वाचून भुवया उंचावल्या. "कायदा बरोबर आहे. पण रोज 'तू' म्हणणाऱ्या माणसाला एकदम 'तुम्ही' म्हणालीस, तर पुढचं तो वाचणारच नाही. त्याला एवढंच कळेल की तू त्याच्या तोंडावर दार लावलंस. हे शेवटी पाठवायचं पत्र आहे. पहिल्यांदा पाठवायचं नाही."

"म्हणून तर दुसरं लिहिलं."

दुसरं चांगलं लांबलचक होतं. पिएदाद वाचत गेली आणि मध्येच थांबली. "त्रास देतेय त्याबद्दल माफ कर. पुन्हा माफ कर. इथे तिसऱ्यांदा. अगं, पैसे तुझे अडकलेत आणि माफी पण तूच मागतेस? आणि हे काय, 'घाई अजिबात नाही'? घाई नाही म्हटल्यावर तो कशाला करेल घाई?"

"मला वाटलं, बरं दिसेल."

"रक्कम कुठाय यात?"

एनारनं मोबाईल परत घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिलं. रक्कम कुठेच नव्हती. पानभर लिहून तिनं पैसेच मागितले नव्हते. तिला हसू आलं आणि पाठोपाठ लाजही वाटली.

"तो रोज मला कॉफी पाजतो, पिएदाद. त्याला भिकारी म्हटल्यासारखं होईल."

"कॉफी पाजतो ते त्याच्या खुशीनं. बिल हे तुमच्या दोघांमधलं ठरलेलं आहे. दोन्ही एकाच ताटात वाढू नकोस." पिएदादनं चष्मा काढला. "तू असं लिही की त्याला सुटायला एक सभ्य वाट राहील. आणि एकच वाट ठेव."

घरी येऊन एनार पुन्हा बसली. आपल्या भाषेत एक सोय आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं, पण तिच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. 'तू विसरलास' असं न म्हणता 'तुझ्याकडून निसटलं असेल' म्हणता येतं, म्हणजे चूक जणू आपली आपणच घडली, माणूस बाजूलाच उभा होता. आणि 'पैसे पाठव' असं न म्हणता 'पाठवू शकशील का' असंही म्हणता येतं. पण तारीख घातली की तो प्रश्न नुसता प्रश्न राहत नाही. तिनं पुष्कळ शब्द काढून टाकले. शेवटी उरलं ते असं:

"प्रिय हेर्वासिओ,
दुकान छान चाललंय हे पाहून बरं वाटतं. नोव्हेंबरचं एकतीस नंबरचं बिल, आठशे अठ्ठेचाळीस युरो, डिसेंबरच्या मध्याला द्यायचं होतं. ते अजून माझ्या खात्यात दिसत नाही. कामाच्या गडबडीत तुझ्याकडून निसटलं असेल. बिल पुन्हा सोबत जोडलंय, खाते क्रमांक त्यातच आहे. शुक्रवार, तेवीस तारखेपर्यंत पाठवू शकशील का? त्या दिवशी जमण्यासारखं नसेल तर त्याआधी मला सांग, आपण मिळून तारीख ठरवू. पाठवून झालं असेल तर हे पत्र सोडून दे.
एक मिठी,
एनार"

'एक मिठी'पाशी ती बराच वेळ अडली. धंद्याच्या पत्राखाली नमस्कार शोभतो. पण आजवर प्रत्येक निरोपाखाली तिनं त्याला मिठीच लिहिली होती. ती आता काढली असती तर तीच धमकी झाली असती. तिनं मिठी राहू दिली आणि पत्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी हेर्वासिओ बारमध्ये आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

"भांडलात का गं?" चारोनं विचारलं. "काल दारावरून गेला, आत डोकावला आणि तसाच पुढे सटकला."

संध्याकाळी तिनं मोबाईल उघडला आणि लिहायला लागली, 'हेर्वासिओ, तू मनाला लावून घेऊ नकोस, जमेल तेव्हा दे...' बोट पाठवायच्या खुणेवर गेलं आणि थांबलं. आपण खोटं काही लिहिलेलं नाही. वाईट शब्द एकही नाही. मग हे पुसायचं कशासाठी? तो रुसेल म्हणून? तिनं ते वाक्य खोडलं. पण झोप काही नीट लागली नाही. पैसे गेले तर गेले, माणूस जाईल याची तिला जास्त भीती वाटत होती.

गुरुवारी सकाळी तिच्या कामाच्या खोलीची घंटा वाजली. दारात हेर्वासिओ उभा होता, टोपी हातात धरून.

"वाचलं मी," तो म्हणाला. आत यायचं नाव नाही.

"ये ना."

"वर 'प्रिय' आणि त्याच्याखाली नंबर. कोर्टात उभं केल्यासारखं वाटलं मला."

"कोर्टाचं पत्र कसं असतं ते मला माहितीये, हेर्वासिओ. तेही लिहून झालं होतं. तुला ते पाठवलं नाही."

तो आत आला आणि खुर्चीत धपकन बसला. "पहिल्यांदा राग आला. मग म्हटलं, ही खोटं काय बोलली? आणि मग लाज वाटली, म्हणून बारमध्ये यायचंच टाळलं. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, जमत नसेल तर सांग म्हणून. ती नसती तर मी आजही आलो नसतो. जमत नाहीये गं. निम्मे उद्या देतो. उरलेले..." त्यानं हात झटकला.

"रोज सगळ्यांना कॉफ्या पाजतोस ते?"

"ते कसं बंद करू? बंद केलं की दुसऱ्या मिनिटाला अख्ख्या सोरियाला कळेल, हेर्वासिओ बुडाला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डोंगराकडच्या गावात पाहुण्यांना सायकली भाड्यानं देणारं एक विश्रामगृह होतं. उन्हाळाभर त्यानं त्यांच्या सगळ्या सायकली दुरुस्त करून दिल्या, सुटे भाग स्वतःच्या खिशातून घेतले. बिल सप्टेंबरात दिलेलं, जवळपास तीन हजारांचं.

"मग त्यांनी काय सांगितलं?"

"विचारलंच नाही मी."

"सप्टेंबरपासून?"

"बाई चांगली आहे. दर वेळी जेवायला बसवते. कसं विचारणार?"

एनार हसू दाबायला गेली, पण ते दाबलं गेलं नाही. हेर्वासिओनं आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग तोही खदखदून हसला, खुर्ची करकरेपर्यंत.

तिनं खुर्ची त्याच्या बाजूला ओढली. "सांग. त्या बाईला काय म्हणतोस, तू की तुम्ही?"

"तुम्ही. वयानं मोठी आहे."

"मग तुम्हीच राहू दे. बिलाचा नंबर?"

"तो लागतो?"

"लागतो. ती बिचारी शोधत बसेल नाहीतर."

हेर्वासिओला पत्रात सायकलींच्या ब्रेकबद्दल चार ओळी घालायच्या होत्या आणि दोनदा क्षमा मागायची होती. एनारनं दोन्ही नाही म्हटलं. मुदतीची तारीख ठरवताना तो घाबरला. त्याला 'फेब्रुवारीत केव्हातरी' असं हवं होतं, तिनं दहा तारीख लिहिली. शेवटी नमस्कार की मिठी यावर बराच खल झाला. त्या बाईनं त्याला कधी मिठी लिहिलेली नव्हती, म्हणून 'मनःपूर्वक नमस्कार' ठरलं. पत्र पाठवायची खूण त्यानं स्वतः दाबली, आणि दात काढून घेतल्यासारखे गाल धरून बसला.

शुक्रवारी चारशे चोवीस युरो एनारच्या खात्यात आले. त्यातून कर भरून झाला. विश्रामगृहाच्या बाईचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. बिल तिच्या पुतण्याकडे पडून राहिलं होतं, आणि हेर्वासिओ काहीच बोलत नाही म्हटल्यावर त्याचे पैसे पोचले असंच ती धरून चालली होती. पण तिचा हिवाळा मंदीचा होता, तिनं तीन हप्ते मागितले. हेर्वासिओनं हो म्हटलं, पण तारखा लिहून घेतल्या.

एनारला द्यायचा त्याचा स्वतःचा दुसरा हप्ता फेब्रुवारीच्या अखेरीला यायचा ठरला होता. मार्चची सुरुवात झाली तरी आला नाही. रस्त्यात भेटला तेव्हा तो सायकलस्पर्धेबद्दल तोंडभर बोलत होता. एनारनं सगळं ऐकून घेतलं, हसली आणि घरी येऊन उभ्या उभ्याच तीन ओळी लिहिल्या: उरलेली रक्कम, नवी तारीख, आणि मिठी. पर्स अजून खांद्यावरच होती. दुसऱ्यांदा वाचूनही न बघता तिनं पत्र पाठवलं आणि जेवणाचं काय करायचं ते बघायला ती स्वयंपाकघरात गेली.