शुक्राच्या दाताची तडजोड

कायद्यापुढे सर्व माणसे समान असतात. दात मात्र समान नसतात. काशीराम पाटलाचा दात पडला असता तर पनवेल तालुक्यात बोभाटा झाला असता. पडला तो शुक्राचा, आणि शुक्रा कातकरी. त्यामुळे दात कोणाचा, हा प्रश्न मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारीपर्यंत कोणालाच पडला नव्हता.

भांडण मिठागराचे होते. काशीराम आणि शिवा या दोघांच्या मिठागरांत खाडीचे पाणी बांधातल्या एकाच उघाडीतून, म्हणजे पाण्याच्या दारातून, यायचे, आणि उघाडी आधी कोणी उघडायची यावरून दोघे बांधावर हमरीतुमरीवर आले. शिवाने काशीरामवर उगारलेली बुक्की काशीरामला लागली नाही. काशीराम वेळेवर वाकला. मागे त्याचा मजूर शुक्रा बांधाला माती लावत उभा होता. त्याला वाकायला कोणी सांगितले नव्हते.

काशीरामने तडक पनवेलला जाऊन पोलिसांत फिर्याद दिली. डॉक्टरने दाखला दिला: समोरचा एक दात मुळासकट पडला. इथे कायद्याची गंमत आहे. नुसते थोबाड सुजले तर ती साधी दुखापत. पक्षकार आपसात मिटवून मोकळे होतात, कोर्टाची परवानगीसुद्धा लागत नाही. पण हाड मोडले किंवा दात पडला की ती जबर दुखापत. कलम तीनशे पंचवीस, शिक्षा सात वर्षांपर्यंत. मिटवता येते, पण कोर्टाने परवानगी दिली तरच. शिवा जामिनावर सुटला आणि मीठ वाळेना इतका घाम गाळू लागला.

अडचण अशी, की काशीरामची मुलगी दमयंती शिवाच्या मुलाला, भगवानला, देऊ केलेली होती. साखरपुडा झाला होता. पुढच्या बुधवारी हळद.

"आरोपीच्या घरान मी पोरगी देनार नाय," काशीरामने गावकीसमोर जाहीर केले.

"अरे, पन आरोपी केला कोनी त्याला?" शिवाची बायको हौसा बायकांमधून ओरडली.

"मी केला. म्हनून तर मला म्हाईत हाय ना, तो आरोपी हाय ते!"

 मग पंच बसले. शिवा काशीरामच्या पाया पडला, काशीरामने त्याला उठवून उराशी धरले, नारळ फुटला, बोकड पडला, आणि दोन्ही घरची माणसे एका पंगतीला जेवली. आमच्या भागात तडजोड याहून पक्की होत नाही. उरला तो कागद, आणि कागदासाठी दाजीसाहेब गुप्ते वकील होते.

दाजीसाहेबांची सारी हयात जमिनीच्या दाव्यांत गेली होती. जमीन ज्याच्या नावावर त्याची संमती घ्यायची आणि ती कसतो कोण याची चौकशी करायची नाही, हा त्यांच्या हाताला लागलेला शिरस्ता. त्यांनी कलम तीनशे पंचेचाळीसखाली तडजोडीचा अर्ज सुरेख अक्षरात लिहविला. सोबत संमतीची प्रतिज्ञापत्रे जोडली. काशीरामचे, शिवाचे, पंचांचे. काशीरामची बायको गोदू म्हणाली, "माजा पन आंगठा घ्या, माज्या पोरीचा सवाल हाय." तिचेही घेतले. मग हौसा कशी मागे राहील? बांधावर त्या दिवशी नसलेल्या माणसांचीही संमती मिळाली. अर्जाची फाईल एवढी जाड झाली, की शिरस्तेदाराने ती दोन्ही हातांनी साहेबांपुढे ठेवली.

मॅजिस्ट्रेटसाहेब वयाने तरुण होते. ते कागद वाचीत असत. ही त्यांची खोड पनवेलच्या वकिलांना अजून अंगवळणी पडली नव्हती. त्यांनी सगळी प्रतिज्ञापत्रे चाळली, डॉक्टरचा दाखला पाहिला आणि चष्म्यावरून विचारले, "गुप्ते, यात जखमी कोण?"

"हे काय साहेब. काशीराम पाटील, फिर्यादी."

"फिर्यादी कोण ते विचारलं नाही. दात कोणाचा पडला?"

काशीराम पुढे झाला. "माज्या मानसाचा साहेब. माज्या मानसाला मारला म्हंजे मलाच मारला. आमच्यात तसाच धरतात."

"असं? तोंड उघडा."

काशीरामने उघडले. पांढरेशुभ्र, एकसारखे, तंबाखूचासुद्धा डाग नाही. साहेबांनी काही वेळ पाहिले.

"तोंड मिटा. दात सगळे जागेवर आहेत." ते वकिलांकडे वळले. "ज्याला दुखापत झाली तोच तडजोड करू शकतो. त्याच्या मालकाला तो अधिकार नाही. मालकाच्या बायकोला तर नाहीच नाही. तो वयानं अज्ञान आहे? वेडा आहे?"

"नाही साहेब. मजूर आहे."

"मग त्याच्या वतीनं दुसऱ्याला करता येत नाही. मजुरी ही त्या कलमातली सबब नाही. मंगळवारी जखमीला हजर करा. त्याची संमती मी त्याच्याच तोंडून ऐकणार, मग परवानगीचं बघू."

मंगळवार. हळदीच्या आदल्या दिवशी.

आता शोधाशोध सुरू झाली, कारण शुक्रा कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. दात पडल्यावर तो मिठागरावर आला नव्हता, आणि का आला नाही हे विचारायला कोणी गेले नव्हते. शेवटी कळले की तो करंजाड्याला वीटभट्टीवर आहे. सोमवारी टांग्यात बसून तिघेही निघाले: पुढे दाजीसाहेब, मागे फिर्यादी आणि आरोपी मांडीला मांडी लावून.

शुक्रा डोक्यावर कच्च्या विटा घेऊन चालला होता. त्याने तिघांना पाहिले आणि विटा सावकाश उतरवल्या.

"शुक्राभाऊ," काशीराम म्हणाला. इतकी वर्षे तो त्याला फक्त 'ए' म्हणत आला होता. शुक्राने मागे वळून पाहिले, भाऊ कोण आला म्हणून.

दाजीसाहेबांनी सगळे समजावून सांगितले. शुक्राने ऐकून घेतले.

"तडजोड झाली ना पाटील?"

"झाली रं, कवाच झाली."

"बोकड कापला म्हनं."

"कापला."

"मंग आता माजं काय काम?"

शुक्राची बायको चिंधी विटा रचता रचता म्हणाली, "दात पडला तवा काम नव्हतं, बोकड पडला तवा काम नव्हतं. आता बरं काम निघालं!"

शिवा खाली बसला. "चिंधे, सात वर्सं आत जाईन मी. उद्या हा नाय आला तर पोराची हळद बी गेली नि मी बी गेलो. माजी चूक झाली शुक्रा. मला तुला मारायचा नव्हता."

"ते मला बी म्हाईत हाय," शुक्रा म्हणाला. "तुला पाटलाला मारायचा होता."

काशीराम खाकरला.

दाजीसाहेबांनी घाईने मुद्द्याचे विचारले. "हे बघ, साहेब विचारतील मारलं कशानं. हातानं मारलं असेल तर मिटतं. हत्यारानं मारलं असेल तर कलम बदलतं, मग साहेबांनासुद्धा परवानगी देता येत नाही. मी तुला काही पढवीत नाही. फिर्यादीत बुक्की लिहिली आहे. तुला काय आठवतं?"

"आठवायचं काय? डोळे मिटले होते. समद्यांचेच मिटतात."

शिवाच्या तोंडचे पाणी पळाले. शुक्राने हातांवरची माती झटकली. तो म्हणाला, "येन मी. पन मुकादमाला इचारा. भट्टी रचायची हाय."

मुकादम उस्मानभाई लांबून ऐकतच होता. "माफ करा वकीलसाब. उद्या भट्टी रचून झालीच पाहिजे. माणूस न्या, बदली माणूस द्या."

"माजा गडी देतो," काशीराम म्हणाला.

"तुमचा गडी हाच होता ना?"

बाकीचे सगळे गडी मिठागरावर मीठ ओढीत होते, पाऊस तोंडावर. शिवा म्हणाला, "मी राहिलो असतो, पन मी आरोपी. मला हजर राहायलाच पायजे." तिघांनी एकमेकांकडे पाहिले, मग दोघांनी काशीरामकडे.

"मी फिर्यादी हाय!" काशीराम म्हणाला. "माज्याबिगर खटला चालंल कसा?"

दाजीसाहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी उपरण्याने घाम टिपला. "पाटील, खरं सांगू? खटला सरकारचा आहे, तडजोड शुक्राची. उद्या तुमचं तिथं कायदेशीर काहीच काम नाही."

मंगळवारी सकाळी शुक्रा टांग्यातून पनवेलला गेला आणि काशीराम पाटील डोक्यावर चुंबळ ठेवून भट्टीवर उभा राहिला. चिंधीने त्याला पहिल्या विटा दिल्या. "सांभाळून, पाटील. कच्च्या हायत, मोडल्या तर मुकादम बोलतो."

कोर्टात प्रतिज्ञापत्र शुक्राला वाचून दाखवण्यात आले, त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. पोलिसांच्या वकिलाने हरकत नाही म्हणून सांगितले. साहेबांनी शुक्राला जवळ बोलावले.

"यात काय लिहिलंय ते कळलं?"

"व्हय. शिवा सुटतो."

"तुझ्या मनानं करतोयस? कोणी धमकी दिली, दम दिला, आमिष दाखवलं?"

"नाय साहेब. पाटील मला भाऊ म्हनाला."

"ते आमिष की धमकी?"

शुक्राने विचार केला. "अजून कळला नाय."

साहेबांनी तोंडावर हात फिरवला. "शिवानं तुला कशानं मारलं?"

दाजीसाहेबांनी छताकडे पाहिले. शिवाने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला.

"हातानं," शुक्रा म्हणाला.

"नक्की? बांधावर फावडं होतं असं पंचनाम्यात आहे."

"व्हतं ना साहेब. माज्या हातात व्हतं."

कोर्टात कोणीतरी फस्सकन हसले. शिरस्तेदाराने हाताने गप्प केले. साहेबांनी लेखणी उचलली, मग पुन्हा खाली ठेवली.

"तुझा दात गेला. मारणारा सुटणार. तुला यातून काही मिळालं? मला कळायला हवं. परवानगी मी द्यायची आहे."

"मिळालं ना. आज मी हितं उभा हाय, नि पाटील माज्या जागंवर विटा वाहतो."

साहेबांनी लेखणी परत उचलली, शाईत बुडवली. त्यानंतर त्यांनी परवानगी लिहिली.

बुधवारी हळद लागली. काशीराम मांडवात मान हलवू न शकता बसला होता, पण समाधानी होता. माझ्या माणसाचं मीच मिटवलं, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. कोर्टाच्या हुकमाची नक्कल त्याने मुद्दाम मागवली होती. लग्नानंतर ती आली, तेव्हा गावकी जमवून त्याने दाजीसाहेबांना मोठ्याने वाचायला सांगितले.

दाजीसाहेबांनी वाचले. जखमी शुक्रा याने स्वखुशीने तडजोड केली आहे. कोर्ट परवानगी देत आहे. आरोपी शिवा यास दोषमुक्त करण्यात येते.

"पुढं?" काशीराम म्हणाला.

पुढे साहेबांची सही होती.