दांडीकडं हात

कळंबच्या अंगाला कल्याणप्पांची, कापसातली सरकी काढायची जिनिंग होती. निजामाच्या राज्यातलं ते लढाईचं वर्ष. पटकीच्या साथीनं जुन्या बाया गावोगाव पांगल्या, अन् ऐन हंगामात बब्रुवान मिस्त्रीपुढं नव्या आठजणी उभ्या राहिल्या. कापसाच्या गाड्या दारात तुंबल्या होत्या. दुपारच्या भोंग्याला इंजिन सुरू झालंच पाहिजे, असा मालकांचा हुकूम होता.

गेल्या साली कामावरच्या मथुराबाईचा हात जिनाच्या फिरत्या रुळात गेला होता. बब्रुवानच्या कानातून ती किंकाळी अजून निघाली नव्हती.

"भोंग्याआधी तीन गोष्टी तुमाला करता आल्या पायजेत," त्यानं सकाळीच सांगितलं. "पदर खोचणं. कापूस बोटानं न्हाय, फळीनं सारणं. अन् कुणी अडकली, तर तिच्या जिनाची दांडी ओढणं. पट्टा मोकळ्या चाकावर गेला की जिन थांबतं."

त्यानं एकेक गोष्ट करून दाखवली. मग बंद जिनांवर प्रत्येकीकडून करून घेतली. शेवटी उजळणी.

"बाई अडकली तर?"

"दांडी ओढायची!" सगळ्या एका सुरात ओरडल्या.

"झालं की!" कल्याणप्पा हसले. "पोपटावानी बोलायल्यात. चालू कर."

बब्रुवानला तो एकसूरच खुपला. घोळक्यात कोण शिकली अन् कोण नुसती ओरडली, कळत नव्हतं. त्यानं आठजणींतल्या शिवगंगेच्या कानात काही सांगितलं. बाया पुन्हा फळ्या सारू लागल्या, अन् शिवगंगा एकदम किंचाळली.

सातही जणी धावल्या. कुणी तिचं मनगट धरलं, कुणी कंबर, अन् ओढू लागल्या. दांडी जागच्या जागी.

"सोडा!" बब्रुवान गरजला. "रूळ फिरत असता तर निम्मा हात तुमच्याकडं आला असता!"

बाया गारठल्या. शिवगंगा कसनुशी हसली.

"म्या सांगितलं, पण सवय लावली न्हाय. पुन्हा करू. आता कोण वरडंल, ते सांगणार न्हाय."

भोंगा झाला. कल्याणप्पा तापले. "बब्रुवान, नोकरी नकोशी झाली का?"

"काढा मालक. पण हे झाल्याबिगर इंजिनाला हात लावणार न्हाय."

दुसरा मिस्त्री बार्शीशिवाय मिळायचा नव्हता. मालक धुसफुसत खाटेवर बसले.

किंकाळी कधी या कोपऱ्यातून उठली, कधी त्या. मग उजळणी एकेकीची, तोंडानं नाही, हातानं. सातजणी दांडीकडं झेपावल्या. आठवी, वयस्कर रुद्रम्मा मात्र दर वेळी हातालाच धरी.

"लेक किंचाळली तर म्या दांडी हुडकत बसू व्हय?" ती चिडली.

"लेकीसाठीच दांडी, मावशी. आज सरकी भरा. उद्या पुन्हा बघू."

"तुज्या मायला सांग सरकी भराय!" म्हणत रुद्रम्मानं घमेलं उचललं.

"एक जिन रिकामं?" कल्याणप्पा म्हणाले.

"आजच्या दिवस, मालक."

मालकांनी इंजिनाकडं बोट केलं. बब्रुवाननं इंजिन सुरू केलं. पट्टे फडफडले, जमीन थरथरू लागली. दर वेळी तो इंजिनापाशी उभा राही. आज तो बायांच्या मागं उभा राहिला, अन् त्याची नजर हातांवरून हलली नाही.