काळी चारची पेटी

पेटी म्हटलं की तुम्हांला कपड्यांची ट्रंक आठवत असेल. मित्रांनो, मी ती नव्हे. मी एक जुनी, एकेरी सुरांची बाजाची पेटी आहे. मोठ्या शहरात मला हार्मोनियम म्हणतात, आमच्या अमडापूरकडच्या गावात नुसतं पेटी.

एका सुताराने मला सागवानातून घडवलं. पाठीला घड्या घातलेला भाता लावला. पोटात एका पाटीवर पितळेचे स्वर ओळीने बसवले. प्रत्येक स्वर म्हणजे पितळेचा एक लांबट तुकडा, त्यात कापलेली खाच आणि त्या खाचेवर पितळेचीच पातळ जीभ. जीभ एका टोकाला रिव्हेटने पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी. डाव्या हाताने भाता दाबला की हवा माझ्या पोटात भरते. उजव्या हाताच्या बोटाने वरची काळी किंवा पांढरी पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकाची झडप उचलली जाते, हवेला वाट मिळते, आणि ती जिभेला थरथरवत बाहेर पडते. तो माझा आवाज. पट्ट्यांची नावं रंग आणि क्रमांकावरूनच: पांढरी एक, काळी चार, अशी. ऐकायला सोपं वाटतं, पण ही सगळी जिभेची करामत आहे आणि जीभ फार नाजूक असते, माझी काय न् तुमची काय.

आशाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा मी त्यांच्या माहेराहून, धामणगाव बढ्याहून, त्यांच्यासोबत आले, एसटीच्या टपावर बांधून. सासरच्या बायांनी झाकण उघडून पाहिलं नि विचारलं, "याच्यात पीठ किती राहते?" आशाबाई हसल्या आणि त्यांनी भाता दाबला. त्यानंतर पिठाचं कोणी विचारलं नाही. पुढे बायांचं भजनी मंडळ झालं. सोजराबाई गात, आशाबाई वाजवत, आणि मी दर गुरुवारी मधोमध बसत असे. पुष्कळ वर्षं माझं कौतुक झालं.

मग आशाबाई गेल्या. त्यांच्या सुनेने, सारिकाने, मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. राग नव्हता तिचा, घरात जागा नव्हती. पण मित्रांनो, हवेवर जगणाऱ्याला कोंडून ठेवलं की कसं होतं ते मला विचारा. चार वर्षं मी माळ्यावर तळमळले. खाली कुकरची शिट्टी झाली की मला वाटायचं, मला कोणी हाक मारली. उंदरांनी भात्याचा एक कोपरा कुरतडला. पितळेवर हिरवा थर चढला. शेवटी मी शिट्ट्या मोजणंही सोडून दिलं.

आशाबाईंच्या पुण्यतिथीला चार दिवस राहिले असताना माळा रिकामा करायला घेतला, कारण तिथे पाण्याची टाकी बसवायची होती. वर चढली आशाबाईंची नात पूनम. वय बारा, शिडीवर हात कमी आणि तोंड जास्त चालणारी. चादर ओढून तिने माझं झाकण उघडलं आणि खाली हाक मारली.

"बाबा, हे आजीची पेटी हाय न?"

"हाव. खाली दे. शुक्रवारी भंगारवाला येऊन राह्यला, त्याच्या गाडीत टाकतो," खालून तिचा बाप भागवत म्हणाला.

"काऊन? वाजते न हे."

"काय वाजते? भाता फाटला तिचा. आईची वस्तू अशी कोपऱ्यात मेल्यासारखी पाहावत नाई मले."

पूनम मला पोटाशी धरून शिडी उतरली. उतरताना दोनदा माझा कोपरा भिंतीला लागला. ती बापासमोर उभी राहिली. "गुरुवारी मंडळ येते आजीसाठी. तवा मी वाजवून दाखवली तर? शाळेत पेटी शिकवतात मले."

भागवतने खांद्यावरचा गमछा झटकला. "गुरुवारी वाजली तर राह्यली. नाई वाजली तर शुक्रवारी गेली. मंग रडाचं नाई."

मुलीने मान डोलावली. मी मात्र दिवस मोजू लागले. मंडळासमोर वाजायचं, तेही चार दिवसांत, आणि भात्याला बोटभर भोक.

आता खरी गोष्ट ऐका. पूनमने सोमवारी शाळेतून येऊन भात्याला चिकटपट्टी लावली. बापाच्या गाडीतला पेचकस घेऊन माझं वरचं फळकट उघडलं. आत हिरवे-काळे पडलेले स्वर पाहून तिला माझी कीव आली. आणि ज्या घरात दर दिवाळीला समई, तांब्या, घंगाळ चिंचेने लख्ख होतात, त्या घरातली मुलगी पितळ पाहून दुसरं काय करणार? तिने मधले सात स्वर खोलले. प्रत्येकाची जागा लक्षात राहावी म्हणून कागदावर आकडे घालून त्यावर ठेवले, हे तिचं शहाणपण. मग चिंच आणि मीठ कालवून त्यात बुडवले, राख लावून काथ्याने घासले. इथेच घात झाला.

स्वर सोन्यासारखे चमकले. तिने आनंदाने ते परत बसवले आणि भाता दाबला.

दोन स्वर बोललेच नाहीत. एक इतका उशिरा बोलला की तोवर बोट पुढे गेलं होतं. उरलेले चार आपापल्या मनाने वरखाली झाले. बाहेरून भागवत म्हणाला, "मांजर दाबलं का वं?"

पूनमने झाकण लावलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मी तिला सांगू शकत नव्हते. हवा दिल्याशिवाय मी बोलत नाही, आणि दिली तर त्या दिवशी मांजर ओरडत होतं.

मंगळवारी सारिकाने तिला आणि मला अमडापूरला अब्दुल गनींकडे नेलं. गनीचाचा पेट्या, ढोलक्या, बँडची वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक स्वर उजेडात धरला आणि पूनमकडे पाहिलं.

"याले काय लावलं?"

पूनमने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "चिंच. न् मीठ."

"मंग तडका पन द्याचा होता," चाचा म्हणाले.

सारिका हसली. पूनम नाही. ते पाहून चाचांनी तिला आपल्या स्टुलाजवळ ओढलं आणि भिंग हातात दिलं.

"हे पाय. जीभ खाचेच्या वर केसभर उचललेली लागते. तू घासून खाली बसवली, मंग हवा तिले हलवनार कशी? आन् जास्त वर गेली तर हवा नुसती पळून जाते, सूर उशिरा येते. समजलं?"

"हाव."

"आता सूर कसा लावतात ते पाय. टोकाशी जराशीक खरवडली तर जीभ हलकी होते, सूर चढते. मुळाशी खरवडली तर उतरते. पन खरवडलेलं पितळ परत लावता येत नाई बेटा. मनून घाई नाई कराची."

ते काम करू लागले. खाचेतून कागदाची पट्टी ओढून त्यांनी मिठाचा कण काढला, पातळ पात्याने एकेक जीभ उचलली. भात्याची चिकटपट्टी काढून फेकली आणि तिथे पातळ चामडं सरसाने चिकटवलं. एका पट्टीची झडप दाबून धरणारी तार ढिली होती, त्यामुळे ती पट्टी न दाबताच वाजत होती. चाचांनी तार बदलली. एकेक स्वर बसू लागला तसा माझा जीव भांड्यात पडू लागला. सहा झाले.

सातव्याची जीभ उचलताना टक् असा बारीक आवाज आला. मुळाशी ती मोडली.

चाचांनी पातं खाली ठेवलं. "पांढरी तीन. मिठानं मुळातच खाल्ली व्हती. या मापाचा जुना स्वर माह्याजवळ नाई. मागवाले पंधरा दिवस लागन."

"आजीची पुण्यतिथी गुरुवारी हाय चाचा," पूनम म्हणाली. "आन् मले शाळेत शिकवलं ते पांढऱ्या एकपासून. त्याच्यात पांढरी तीन हमेशा लागते."

"तो गंधार हाय तिथला. लागनारच." चाचांनी मोडलेली जीभ बाजूला ठेवली. मग विचारलं, "तुयी आजी सा कुठून धरे?"

सारिकाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी आत नुसती तडफडत होते.

चाचांनी ओल्या फडक्याने माझ्या पट्ट्यांवरची धूळ पुसली आणि मला उचलून दाराच्या उजेडात तिरकं धरलं. पूनम वाकली. साऱ्या पट्ट्या सारख्या नव्हत्या. काळी चार कडेला झिजून करडी झाली होती. काळी पाचही तशीच. मग पांढरी एक, काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, प्रत्येकीवर बोटाच्या टोकाएवढी खळगी. त्यांच्यामधली पांढरी तीन मात्र नव्यासारखी गुळगुळीत.

पूनमने त्या खळग्यांत एकेक बोट ठेवलं.

"काळ्या चारवर सा," चाचा म्हणाले. "तिथून धरलं तर पांढरी तीन म्हंजे कोमल धैवत. साध्या भजनात तो येतच नाई. पेटीत सा कुठंबी धरता येते, पोरी. फक्त बोटं नवी शिकवा लागतात."

बोटं नवी शिकवायला दीड दिवस होता. मित्रांनो, तो दीड दिवस मी कधी विसरणार नाही. पांढऱ्यावर सरळ धावणाऱ्या बोटांना आता उंच काळ्यांवर चढायचं होतं, उतरायचं होतं. पूनम चुकायची, भाता आदळायची, उठून अंगणात फेऱ्या मारायची, परत यायची. भागवत दारातून जाताना थांबायचा, मग निघून जायचा. बुधवारी संध्याकाळपर्यंत तिला एक भजन जमलं. एकच.

गुरुवारी दुपारी बाया आल्या. आशाबाईंच्या फोटोला हार घातला. सोजराबाई भिंतीला टेकून बसल्या. चार वर्षं पेटीशिवाय गात होत्या त्या, प्रत्येक कडव्याला सूर वर सरकायचा आणि शेवटी सगळ्यांचे गळे ताणले जायचे. मला पाहून त्या म्हणाल्या, "काय वं, हे भंगारात चालली व्हती न?"

"उद्या," पूनम म्हणाली. "आज नाई."

तिने काळी चार दाबली.

सोजराबाईंनी आपला सूर धरायला तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. डोळे मिटले. मग गायला सुरुवात केली आणि त्यांना कुठे वर जावं लागलं नाही, कुठे खाली यावं लागलं नाही. टाळ वाजू लागले. दुसऱ्या कडव्यात पूनमचं बोट घसरून पांढऱ्या तीनवर पडलं, आणि आतून नुसती हवा फुस्स झाली. सोजराबाईंनी डोळे न उघडता शेवटचा सूर तसाच लांबवला, पूनमचं बोट जागेवर येईपर्यंत, आणि मग पुढचा शब्द घेतला. आशाबाई चुकायच्या तेव्हाही त्या असंच करायच्या. आशाबाई खूपदा चुकायच्या, हे आता सांगायला हरकत नाही.

भागवत दाराच्या चौकटीला धरून उभा होता. भजन संपलं तरी त्याने हात सोडला नाही.

शुक्रवारी भंगारवाल्याने बाहेर भोंगा वाजवला. भागवतने त्याला जुना कूलर दिला, गंजलेला पत्रा दिला. "अजून काई?" त्याने विचारलं. "नाई," भागवत म्हणाला, आणि त्या संध्याकाळी देव्हाऱ्याशेजारी मला ठेवायला एक पाट आणून टाकला.

मित्रांनो, माझी पांढरी तीन अजून मुकी आहे. गनीचाचा स्वर मागवणार आहेत, येईल तेव्हा येईल, मला त्याची घाई नाही. घाई आहे ती एवढीच की तुमच्या घरात कुठे माझ्यासारखी कोणी चादरीत गुंडाळलेली असेल, तर आजच तिचं झाकण उघडा. तिला घासून चमकवू नका. कोरड्या फडक्याने पुसा, आत काही बिघडलं असेल तर जाणत्या माणसाला दाखवा, आणि चिंच स्वयंपाकघरातच राहू द्या. रोज थोडा भाता दाबा. सुरुवातीला ती खोकेल, मांजरासारखी ओरडेल. तरी दाबत राहा. तिला फक्त तुमच्या हातून हवा हवी आहे.