डाव्या गालावर कोलोन

बाबांना झटका आल्यावर त्यांची डावी बाजू गेली. हात लुळा पडला, पाय ओढायला लागला, तोंडाचा डावा कोपरा खाली उतरला. डॉक्टरांनी हे सगळं मुलीला आधीच समजावून सांगितलं होतं. पण अंथरुणात एक परका माणूस येऊन झोपेल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ते पहिल्यांदा कळलं दाढीच्या वेळी. बाबांचा सगळा जन्म आगगाडीत तिकिटं तपासण्यात गेला. गाडी पहाटेची असो की दुपारची, गुळगुळीत दाढी करून वर आफ्टरशेव्ह लावल्याशिवाय त्यांनी कधी डब्यात पाय ठेवला नाही. म्हणून दवाखान्यातून घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते त्यांच्या नेहमीच्या न्हाव्याला घरी बोलावण्याचं. न्हावी त्यांचा जुना दोस्त. त्याने गप्पा मारत उजवा गाल केला आणि वस्तरा पुसून डाव्या बाजूला वळला, तेव्हा बाबा म्हणाले, "माझी झाली. आता ह्याची करा. ह्याला कुणी विचारत नाही."

न्हावी हसला. तिकीट तपासनीस थट्टेखोर, हे त्याला ठाऊक होतं. पण बाबा हसत नव्हते. ते समोरच्या भिंतीकडे बघत आवाज उतरवून सांगत होते, की हा माणूस कधीपासून डावीकडे पडून आहे, जडशीळ आहे, सरकत नाही आणि बोलणं विचाराल तर पुटपुटतो फक्त. तिकीट मागितलं तर देत नाही. न्हाव्याने डावा गाल केला, पण त्याचा हात आता सावकाश चालत होता. पुढच्या खेपेला त्याने दुकानात गर्दी आहे असा निरोप पाठवला. त्याच्या पुढच्या खेपेला निरोपही आला नाही.

मग दाढी मुलीकडे आली. ती घरीच पडदे शिवायची. शिलाई मशीन बाबांच्या खोलीला लागूनच होतं. कात्री तिच्या हातात बसलेली, रेझर मात्र नवीन. गरम पाण्याचा टॉवेल, फेस, केसांच्या रोखाने हलकेच रेझर, मग गार पाणी, एवढं ती बघून बघून शिकली. शेवटी हिरव्या बाटलीतलं आफ्टरशेव्ह. उजव्या गालाला तळहात टेकला की बाबा दातांतून श्वास ओढायचे, "स्स," आणि मग समाधानाने म्हणायचे, "हं. झाली." डाव्या गालाला तोच हात, तेच पाणी. तिथे काही नाही. पापणीसुद्धा हलायची नाही. जणू तिने भिंतीला हात लावला होता.

"ह्याला माझी बाटली कुणी दिली?" एकदा त्यांनी विचारलं. "माझाच वास मारतोय."

दुपारी मशीन थांबलं की तिला पलीकडून बाबांचं बोलणं ऐकू यायचं. एक वाक्य, मग शांतता, मग "हो ना," मग पुन्हा शांतता. ती शांतता तिला नको व्हायची. समोरचा उत्तर देतोय आणि आपल्यालाच ऐकू येत नाही, इतकी ती मोजूनमापून असायची. ती दाराशी गेली की बाबा गप्प व्हायचे. एकदा मात्र म्हणाले, "पोरी, तो म्हणतो, तू त्याच्याशी बोलत नाहीस."

तिने फिजिओ बाईंना विचारलं. त्या एक दिवसाआड व्यायामाला यायच्या. त्यांनी सांगितलं की हे वेडबिड नाही. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की डावं अंग आपलं वाटतच नाही कधीकधी. बहुतेकांचं हळूहळू जातं. डावीकडे बसून बोला, खरखरीत टॉवेल फिरवा, गार-कोमट पाणी लावा, आणि बाबांचा चांगला हात त्या बाजूला न्यायला शिकवा. त्या अंगाची आठवण गेली नाही, तिथवर जायची वाट गेली आहे, असं काहीसं त्या म्हणाल्या.

मुलीने सगळं केलं. उजवा हात काही केल्या अंगाची मधली रेघ ओलांडेना. बाबा म्हणायचे, परक्याच्या अंगाला हात कसा लावू?

तेव्हा तिच्या मनात आलं, उजव्या गालाला जाग येते ती झोंबण्याने. मग डाव्याला जरा जास्त झोंबलं तर? फळीवर दुसरी बाटली होती, कोलोनची, भावाने परदेशातून पाठवलेली. बाबा ती लग्नकार्याला कोटावर शिंपडायचे. तिला दोन्हींतला फरक माहीत नव्हता. दोन्ही बाटल्या पुरुषांच्या, दोन्ही दाढीच्या सामानाशेजारच्या. कोलोनचा वास नाकात जास्त जायचा, म्हणजे ते जास्त कडक, एवढाच तिचा हिशेब. ताज्या दाढीवर, डाव्या बाजूला, ओंजळभर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिने मानेलाही चोळलं.

त्या दिवशी बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "काय करतेस त्याला? रडतोय तो."

तिने वर बघितलं. कोलोनच्या वाफेने बाबांच्या दोन्ही डोळ्यांत पाणी आलं होतं. उजवा डोळा त्यांनी हाताने पुसून टाकला होता. डावा वाहत होता, गालावरून, हनुवटीवरून, उशीवर. आणि तो गाल लाल झाला होता, चटका बसल्यासारखा. बाबांचा चेहरा स्थिर, भिंतीकडे वळलेला. फक्त ते अर्धं तोंड रडत होतं.

बाटली तिने तिथेच ठेवली. बाथरूममध्ये जाऊन साबणाने दोनदा हात धुतले, तरी वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी गालावर आणि मानेवर बारीक फोड आले. ती दोन्ही बाटल्या पिशवीत घालून न्हाव्याच्या दुकानात गेली. तिला बघून तो खजील झाला, येणं जमलं नाही वगैरे म्हणाला. तिने सरळ विचारलं. त्याने आधी दोन्ही बाटल्यांची झाकणं उघडून वास घेतला.

"हे आफ्टरशेव्ह. दाढीनंतर कातडीलाच लावायचं असतं, म्हणून वास बेताचा. अल्कोहोल ह्यातही आहे, झोंबतं ते त्याचंच. हे कोलोन. ह्यात वासाचं तेल जास्त, अल्कोहोलही जास्त. ते कपड्यावर मारायचं, फार तर मनगटावर. रेझर फिरला की कातडीचा वरचा पापुद्रा निघतो. त्यावर हे ओतलं तर भाजणारच."

"त्यांना तर काहीच झोंबलं नाही," ती म्हणाली.

"झोंबलं नाही म्हणून लागलं नाही असं थोडंच आहे?" तो म्हणाला, आणि मग तिच्याकडे न बघता, "त्यांना सांगता आलं नाही, एवढंच."

त्याने एक नळी काढून दिली. म्हणाला, बाम आहे. तिने विचारलं, डोकेदुखीचा? तेव्हा तो हसला आणि तीही किती दिवसांनी हसली. दाढीनंतरचा बाम, त्याने सांगितलं. अल्कोहोल नाही, वास नाही, पुदिन्याचा थंडावाही नाही, कारण नाजूक कातडीला तो थंडावासुद्धा चावतो. पण आधी डॉक्टरांना गाल दाखव, गाल बरा होईपर्यंत रेझर लावू नकोस, आणि बामही आधी हातावर लावून एक-दोन दिवस बघ.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि तोंडावर ताशेरे ओढले नाहीत. त्याचंच तिला जास्त लागलं. बाबांची दाढी वाढली. पांढऱ्या खुंटांखालची लाली हळूहळू ओसरली. त्या दिवसांत बाबा डावीकडच्याशी कुजबुजत बोलायचे आणि ती आत आली की म्हणायचे, "झोपलाय तो." ती डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसायची. एकदा तिने हळूच "माफ करा" म्हटलं. कुणाला म्हटलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बाम बाबांच्या दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला लावून बघितला. काही उठलं नाही. मग पुन्हा दाढी. पण बाम लावल्यावर बाबा अस्वस्थ झाले. स्स नाही, वास नाही. "झाली कशी म्हणतेस? मला तर मी कुठे आहे तेच कळत नाही."

म्हणून तिने पडद्याच्या कापडाचे तुकडे घेतले. एकावर कोलोन, एकावर हिरव्या बाटलीतलं, एक कोरा. अल्कोहोल उडून जाईपर्यंत वाळू दिले आणि एकेक नाकाशी धरला. कोलोनला बाबांनी तोंड फिरवलं. "हा त्या दिवशीचा," एवढंच म्हणाले. दुसऱ्याला डोळे मिटले. तो वास तिने रुमालाला लावून बाबांच्या उजव्या खिशात ठेवला.

बाबांनी रुमाल हुंगला. जरा वेळाने म्हणाले, "त्यालाही दे."

तिने दुसरा रुमाल डाव्या मुठीत ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, बामाचा एक ठिपका तिने बाबांच्या उजव्या बोटांवर काढला. "त्याला तुम्हीच लावा, बाबा. माझा हात त्याला नको असेल."

मग तो हात उचलला गेला, छातीवरून पलीकडे सरकला, अडखळला आणि डाव्या गालाला टेकला. "थंड आहे," बाबा कुणाला तरी सांगत होते. "घाबरू नकोस. हे जळत नाही."

फिजिओ बाईंना तिने हे दाखवलं. बाबांचा हात पुन्हा खाली येईपर्यंत त्या नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, रोज करा. रोज झालं. बाबा त्याचा गाल पुसायचे, हनुवटीवरची लाळ टिपायचे, कॉलर सारखी करायचे. घरच्या आजारी माणसाचं करावं तसं, न कंटाळता.

एके सकाळी त्यांची बोटं जबड्याखालच्या तिळावर थांबली. पुढे गेली, परत आली.

"हा तीळ माझा आहे," बाबा म्हणाले.

तिने मान डोलावली.

"मग तो कुठे गेला?"

बाबा मान वळवून डावीकडे बघू लागले. आजारपणात पहिल्यांदाच ते आपणहून तिकडे बघत होते. उशी, चादर, आपलाच हात. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खोली एकदम मोठी वाटली, आणि बाबांनी दिवसभरात जेवण्यापुरतंही तोंड उघडलं नाही.

त्यानंतर सुधारणा होत गेली. काठी आली, मग दारापर्यंतची फेरी, मग न्हाव्याचं दुकान. न्हावी आता बामच लावायचा. बाबांनीही झोंबण्याचा हट्ट सोडला. त्या माणसाचा विषय घरात कुणी काढला नाही. फिजिओ बाई म्हणाल्या होत्या, बरेच जण नंतर विसरून जातात.

एका दुपारी बाबा दुकानातून परत आले. ती दाराशी खाली बसून त्यांच्या चपलांचे पट्टे सोडवत होती. गार पाण्याचा, साबणाचा वास येत होता.

"तो तुझ्यावर रागावला नव्हता," बाबा म्हणाले. "जाताना सांगून गेला."

तिने वर बघितलं नाही. दुसरा पट्टा जरा घट्ट बसला होता. तो सुटायला वेळ लागला.