चेहरा कोणी गुळगुळीत केला

शाळेची मागची भिंत गुरुवारी कोसळली आणि दोन मुली जखमी झाल्या. 'मला तडा कोणी दाखवलाच नव्हता,' असं शाळेच्या इमारतीची देखरेख करणाऱ्या अभियंत्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. शुक्रवारी दुपारी वर्तमानपत्राच्या कचेरीत एक फोटो आला. त्यात अभियंता त्या भिंतीसमोर उभा होता आणि त्याची बोटं तड्यात होती.

फोटो तपासायचं काम भिंगबाईंचं. हे नाव कचेरीने ठेवलेलं. स्वतःच्या लग्नाच्या फोटोवरही त्यांचा विश्वास नाही, असं लोक म्हणत.

सामायिक फोल्डरमधली फाइल त्यांनी उघडली आणि त्या चुळबुळल्या. प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याची बारीक ठिपक्यांची खरखर असते. इथे भिंतीवर ती सगळीकडे सारखी होती, पण अभियंत्याचा चेहरा मात्र साबण लावून धुतल्यासारखा गुळगुळीत. फाइल साठवताना जागा वाचवायला ती दाबली जाते, त्याच्याही खुणा राहतात. बाकीचा फोटो दोनदा दाबलेला दिसत होता आणि चेहरा एकदाच. दुसरीकडून आणून चिकटवलेला माणूस असाच दिसतो. शिवाय फाइलच्या माहितीत फोटो सुधारण्याच्या प्रोग्रामचं नाव सरळ लिहिलेलं होतं.

फोटो पाठवला होता शाळेच्या ग्रंथपालबाईंनी. भिंगबाईंनी फोन लावला.

"हा फोटो तुम्हाला कोणी बनवून दिला?"

"बनवून? अहो, मी स्वतः काढलाय! खिडकीतून."

"बाई, चेहरा चिकटवलेला आहे. आम्हाला कळतं."

"माझी नोकरी पणाला लावून पाठवला, आणि मीच खोटी? छापू नका. पुसून टाका." फोन बंद.

"बातमी हातची गेली," ती लिहिणारा वार्ताहर म्हणाला. संपादकांनी साडेपाचपर्यंत लेखी अहवाल मागितला.

अहवालात वेळा लिहाव्या लागतात. फोटो काढल्याची वेळ मंगळवार, चार दहा. सुधारल्याची वेळ आज, दोन वाजून पाच. भिंगबाईंनी वार्ताहराला विचारलं, "मेल किती वाजता आली?"

"एक चाळीसला."

त्यांचा पेन थांबला. फोटो सुधारला गेला तेव्हा तो ग्रंथपालबाईंकडे नव्हताच, कचेरीत होता.

फोटो विभागाच्या प्रमुखाला सगळे रंगारी म्हणत. तो निवांत चहा पीत होता.

"चेहऱ्याला हात लावलास?"

"किंचित. अंधारात होता हो. उजळला तर खरखर उठली, म्हणून मऊ केला. नेहमीच करतो की."

"आणि तीच फाइल मला?"

"फोल्डरमध्ये टाकली. मूळ मेलमध्ये आहे की, कोणी पळवली नाही."

भिंगबाई त्याला बरंच काही बोलणार होत्या. पण मूळ फाइल न मागता माणसाला खोटं ठरवलं होतं त्यांनीच. मेलमधली फाइल त्यांनी उघडली. खरखर सगळीकडे एकाच जातीची. प्रोग्रामचं नाव नाही.

तरी संशय सुटेना. फोनचं घड्याळ कोणीही मागे नेऊ शकतं. शिवाय तडा जुना होता. हा गेल्या वर्षीच्या पाहणीचा फोटो आहे, तो तडा तेव्हाच बुजवला होता, असं अभियंता उद्या म्हणेल. पुढचे-मागचे फोटो हवे होते, आणि ते असलेला फोन आता उचलला जात नव्हता.

त्या लॅपटॉप घेऊन शाळेत गेल्या. ग्रंथपालबाई परत आलेली पुस्तकं लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"फेरफार आमच्या कचेरीत झाला," भिंगबाई म्हणाल्या. "तुमच्यावर आळ मी घेतला. चुकले."

"मग आता काय हवंय?"

"त्याच वेळचे बाकीचे फोटो."

"म्हणजे अजून संशय आहेच!"

"आहे. तुमच्यावर कमी, उद्या 'खोटं आहे' म्हणणाऱ्यावर जास्त."

ग्रंथपालबाईंनी दोन पुस्तकं फळीवर जरा जोरातच ठेवली. मग खिशातून फोन काढला. "हातात देणार नाही. मीच दाखवते."

सहा फोटो होते. चौथ्यात अभियंत्याने मान वळवली होती. पाचवा घाईत निसटलेला, वाकडा. त्यात भिंत जेमतेम कोपऱ्यात, आणि शेजारच्या वर्गाच्या उघड्या खिडकीतून फळा दिसत होता. फळ्यावर मंगळवारची तारीख, वर्षासकट, आणि खाली हजेरीपटाशी ताडता येईल असा हजर मुलांचा आकडा: एकतीस.

भिंगबाईंनी त्यांच्या हातातल्याच फोनला केबल जोडून सहाही फाइली घेतल्या आणि तिथेच तपासल्या. ग्रंथपालबाई खांद्यावरून पाहत होत्या.

"हे काय लिहिलंय? माझ्या फोनचं मॉडेल?"

"हो. आणि ही जागा. अगदी या इमारतीपर्यंत."

"म्हणजे फाइल बघून कोणालाही कळेल, कोणी काढला ते?"

"आमच्याकडची मूळ फाइल कुलपात राहील. छापायच्या प्रतीतून ही माहिती मी स्वतः पुसणार. पण खिडकीचा कोन कसा पुसू? शाळेतल्या माणसाला अंदाज येईल. हे ऐकून हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

ग्रंथपालबाई खिडकीशी गेल्या. खाली विटांचा ढीग तसाच पडला होता. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"त्या दोघी मुलींतली एक माझ्याकडे रोज गोष्टीचं पुस्तक बदलायला येते," त्या म्हणाल्या. "छापा."